एक फोटो, तीन चौकटी

कॅमेऱ्यातून येणारा फोटो एकाच आकाराचा असतो, पण तो लावायच्या जागा मात्र अनेक आकारांच्या असतात. संकेतस्थळाच्या माथ्यावर आडवी पट्टी लागते, समाजमाध्यमावरच्या पोस्टला चौकोन लागतो आणि मोबाइलच्या पडद्यावर भरून दिसणाऱ्या स्टोरीला उंच, अरुंद चौकट लागते. एकाच फोटोतून हे तिन्ही आकार काढायचे, तर प्रत्येक वेळी काही ना काही कापावे लागते. काय कापायचे हे माणसाने ठरवले नाही, तर यंत्र ठरवते, आणि यंत्राची पद्धत ठरलेली आहे: फोटोचा मध्य धरायचा आणि दोन्ही बाजूंनी सारखे छाटायचे. फोटोतला महत्त्वाचा भाग नेमका मध्यावर असेल, तरच हे चालते. चांगल्या फोटोत तो बहुधा मध्यावर नसतो.

कापण्यामागचे गणित आधी पाहू. डिजिटल कॅमेऱ्याचा नेहमीचा फोटो ३:२ प्रमाणात असतो. तो ६००० पिक्सेल रुंद आणि ४००० पिक्सेल उंच आहे असे धरू. त्यातून ३:१ प्रमाणाचा बॅनर काढायचा, तर रुंदी पूर्ण ६००० मिळते, पण उंची फक्त २००० उरते, म्हणजे निम्मा फोटो जातो. चौकोन काढायचा तर उंची पूर्ण मिळते आणि रुंदी ४००० उरते. स्टोरीचा उभा आकार ९:१६ प्रमाणाचा असतो. त्यालाही उंची पूर्ण ४००० मिळते, पण रुंदी २२५० वर येते. मूळ रुंदीचे आठ भाग केले, तर त्यातले तीनच भाग उभ्या चौकटीत मावतात.

यातून एक उपयोगी माप हाती लागते. फोटोतली जी गोष्ट तिन्ही आकारांत दिसलीच पाहिजे, ती २२५० रुंद आणि २००० उंच अशा कल्पित पेटीत बसायला हवी. उभी चौकट रुंदीला मर्यादा घालते, बॅनर उंचीला. चौकोन बिचारा कशालाच अडवत नाही, कारण त्याची मर्यादा या दोन्हींपेक्षा सैल असते. म्हणून फोटो निवडतानाच डोळ्यांनी अंदाज घ्यावा: मुख्य विषय रुंदीच्या तीन अष्टमांशांत आणि उंचीच्या निम्म्यात बसतो का? बसत असेल तर पुढचे काम फक्त पेटी सरकवण्याचे आहे. बसत नसेल तर कितीही कौशल्य लावले तरी तो फोटो तिन्ही ठिकाणी चालणार नाही, हे आधीच कळलेले बरे.

बॅनर १६:९ असेल तर एवढी ओढाताण होत नाही. मूळ उंचीचा सुमारे ८४ टक्के भाग त्यात मावतो. पोस्टसाठी ४:५ ची उभी चौकट पुरेशी असेल, तर रुंदीचा निम्म्याहून थोडा जास्त भाग मिळतो. खरी परीक्षा पाहतात त्या टोकाच्या चौकटी. म्हणून विचार त्यांच्यापासून सुरू करावा आणि चौकोन शेवटी पाहावा.

पेटी कुठे ठेवायची याचे उत्तर शोधताना तृतीयांशाचा नियम कामाला येतो. फोटोवर दोन उभ्या आणि दोन आडव्या रेषा अशा मारायच्या की त्याचे नऊ सारखे भाग पडतील. महत्त्वाची गोष्ट या रेषांवर, किंवा रेषा जिथे छेदतात त्या चार ठिकाणांपैकी एकावर ठेवायची. मोबाइलच्या कॅमेऱ्यात ‘ग्रिड’ चालू केले की ज्या रेषा दिसतात त्या याच. या नियमाचे नाव जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराच्या १७९७ मधल्या पुस्तकात सापडते. तिथे मुद्दा छेदबिंदूंचा नव्हता, तर भागांच्या प्रमाणाचा होता. निसर्गचित्रात आकाश आणि जमीन यांनी चित्र निम्मे-निम्मे वाटून घेऊ नये, एकाने सुमारे एक तृतीयांश घ्यावे आणि दुसऱ्याने दोन तृतीयांश, असा त्याचा सल्ला होता. चार बिंदूंवर भर नंतर आला. नियम म्हणून तो फार कडक धरू नये. समोर पाहणारा चेहरा, देवळाचा गाभारा, पाण्यातले प्रतिबिंब अशा समतोल विषयांना मध्यच शोभतो.

तरीही क्रॉपिंगमध्ये या नियमाचा एक फायदा आहे, आणि तो सौंदर्यदृष्टीपेक्षा व्यवहाराचा आहे. माणूस डावीकडच्या रेषेवर असला की उजवीकडे दोन तृतीयांश जागा मोकळी राहते. बॅनरमध्ये मथळा तिथे बसतो. तो माणूस उजवीकडे पाहत किंवा चालत असेल, तर त्याच्या नजरेला आणि पावलांना पुढे वाट मिळते. उभ्या चौकटीत हेच काम आडव्या रेषा करतात. डोळे वरच्या रेषेच्या आसपास असले की खाली शरीर, कपडे, हातातली वस्तू यांना जागा मिळते आणि डोक्यावर नको तेवढे आकाश राहत नाही. थोडक्यात, बॅनर पाहताना डावे-उजवे महत्त्वाचे आणि उभी चौकट पाहताना वर-खाली.

आता फोकल पॉइंट. फोटो पाहताना नजर पहिल्यांदा जिथे थांबते ती ही जागा. माणसांच्या फोटोत ती बहुधा डोळ्यांपाशी असते, आणि एकाच डोळ्यावर प्रकाश असेल तर त्या डोळ्यापाशी. खाद्यपदार्थाच्या फोटोत वाफ निघणारा किंवा चकाकणारा भाग नजर खेचतो, निसर्गचित्रात एकटे झाड किंवा चालणारा माणूस. शंका असेल तर फोटो नखाएवढा लहान करून पाहावा. त्या आकारातही जे ओळखू येते, तोच फोकल पॉइंट. संकेतस्थळ चालवण्याच्या बहुतेक प्रणालींत तो टक्क्यांत सांगतात: डावीकडून किती टक्के आणि वरून किती टक्के. वर्डप्रेसमध्ये Cover नावाचा ब्लॉक घेतला की उजवीकडच्या पट्टीत Focal point अशी सोय दिसते. फोटोवरचा ठिपका बोटाने सरकवला की हे दोन आकडे बदलतात.

या टक्क्यांचा नेमका अर्थ पुष्कळांना माहीत नसतो. ३३ टक्के लिहिले म्हणजे फोटोतली ३३ टक्क्यांवरची जागा चौकटीच्या मध्यावर येईल, असा समज असतो. ब्राउझर तसे करत नाही. तो फोटोतली ३३ टक्क्यांवरची जागा चौकटीच्याही ३३ टक्क्यांवर नेऊन ठेवतो. म्हणून मूळ फोटोत जी गोष्ट डावीकडच्या तृतीयांश रेषेवर आहे, ती बॅनरमध्ये, चौकोनात आणि उभ्या आकारातही डावीकडच्या तृतीयांश रेषेवरच राहते. आकड्यांनी पडताळून पाहता येते. डोळे डावीकडून २००० व्या पिक्सेलवर आहेत, म्हणजे ६००० चा तिसरा हिस्सा. उभ्या चौकटीसाठी ३७५० पिक्सेल छाटायचे आहेत. त्यातला तिसरा हिस्सा, १२५०, डावीकडून जातो. डोळे आता ७५० व्या पिक्सेलवर आले, आणि चौकट २२५० ची आहे. पुन्हा बरोबर तिसरा हिस्सा. चौकोनातही हिशेब असाच जुळतो. फोटो काढतानाच तृतीयांश सांभाळला असेल, तर यंत्र तो पुढे फुकटात सांभाळते.

काही प्रणाली मात्र वेगळे करतात. त्या फोकल पॉइंट शक्य तितका चौकटीच्या मध्यावर आणतात आणि फोटोची कड लागली की थांबतात. आपली प्रणाली कुठल्या जातीची आहे हे एका चाचणीत कळते. ठिपका तृतीयांश रेषेवर ठेवून उभा आकार काढावा. माणूस मध्यावर आला तर दुसरी जात, रेषेवरच राहिला तर पहिली. पुढचा हिशेब पहिल्या जातीचा आहे, कारण ब्राउझर स्वतः तसाच वागतो.

उदाहरणासाठी वारीचा फोटो घेऊ. संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट चढते, आणि आषाढी वारीवरच्या लेखांत घाटातला फोटो हमखास असतो. अशा एका फोटोत पुढे एक वारकरी बाई आहे. डोक्यावर तुळशीवृंदावन, ते दोन्ही हातांनी धरलेले, चाल उजवीकडे. तिच्यामागे, म्हणजे चौकटीच्या डावीकडे, टाळ धरलेला एक वारकरी थोडा धूसर दिसतो. उजवीकडे घाटाचा हिरवा उतार आणि वळणावळणाने चढत जाणारी दिंडी. फोटो ६००० बाय ४००० चा. बाईचे डोळे डावीकडून २००० वर आणि वरून १४०० वर आहेत. तुळशीचा शेंडा वरून ६०० वर आहे, वृंदावनाचा काठ ९५० च्या आसपास. तिच्या वर केलेल्या हातांचे कोपर डावीकडे १४५० आणि उजवीकडे २६०० पर्यंत जातात. मागचा वारकरी ११२० ते १४०० या पट्ट्यात आहे.

आधी यंत्राच्या हाती सोपवून पाहू, म्हणजे दोन्ही आकडे ५०. चौकोन १००० पासून ५००० पर्यंत जातो. बाई पूर्ण येते, मागचा वारकरीही येतो, काही बिघडत नाही. बॅनर वरून १००० ते ३००० इतका येतो. तुळस ६०० पासून सुरू होते, म्हणजे सगळे रोप गेले आणि वृंदावनाचा काठही कापला गेला. उरली ती डोक्यावर कसलासा ठोकळा घेतलेली बाई. उभी चौकट १८७५ पासून ४१२५ पर्यंत जाते. डोळे डाव्या कडेपासून जेमतेम १२५ पिक्सेलवर येतात, डावा कोपर नाहीसा होतो आणि चौकटीचा मोठा भाग रिकाम्या डोंगराने भरतो. चौकोन नीट दिसला म्हणून बाकीचे न तपासता पुढे गेले की हेच होते.

आता फोकल पॉइंट डोळ्यांवर ठेवू. डावीकडून ३३ टक्के, वरून ३५ टक्के. पाठ्यपुस्तकाप्रमाणे हे बरोबर आहे, आणि तरीही दोन्ही टोकाच्या चौकटींत चूक दिसते. बॅनरसाठी उंचीतले २००० पिक्सेल छाटायचे असतात. त्यांतले ३५ टक्के, म्हणजे ७००, वरून जातात. तुळशीचा शेंडा ६०० वर होता, तेव्हा वरची पाने साफ कापली गेली. उभ्या चौकटीत डावीकडून सुमारे १२४० पिक्सेल जातात. बाई नीट तृतीयांशावर आली, पण मागचा वारकरी ११२० ते १४०० या पट्ट्यात असल्याने तो मधोमध चिरला गेला. आता कडेला अर्धा खांदा आणि एक टाळ लटकताना दिसतो.

यातून कळते ते असे की नजर थांबते ती जागा आणि प्रणालीला सांगायचे आकडे एकच असतील असे नाही. डोळा हा फोकल पॉइंट खरा, पण विषय डोळ्यांपुरता नाही. तुळशीशिवाय त्या चेहऱ्याला वारीचा संदर्भ उरत नाही. म्हणून आधी विषयाच्या चारही कडा पाहायच्या आणि मग आकडे ठरवायचे.

सुदैवाने दोन्ही आकडे वेगवेगळे ठरवता येतात. ३:२ चा फोटो बॅनरमध्ये जाताना त्याची फक्त उंची कापली जाते, त्यामुळे तिथे ‘वरून किती’ हाच आकडा चालतो आणि ‘डावीकडून किती’ याला काहीच काम नसते. चौकोनात आणि उभ्या आकारात उलटे होते. म्हणजे वरचा आकडा बॅनर पाहून ठरवावा, डावीकडचा आकडा उभी चौकट पाहून. एक बदलल्याने दुसरे बिघडत नाही.

बॅनरचे आधी. शेंड्याच्या वर थोडी हवा हवी, म्हणून वरची कड ४५० च्या आत यायला हवी. २००० चे २२ टक्के म्हणजे ४४०. आता बॅनर ४४० पासून २४४० पर्यंत येतो. तुळशीच्या वर १६० पिक्सेल मोकळे राहतात आणि खालची कड बाईच्या कमरेपाशी येते. डोळे बॅनरच्या बरोबर निम्म्याजवळ, ४८ टक्क्यांवर आले. आडवी तृतीयांश रेषा इथे सोडावी लागली, आणि त्याचे वाईट वाटून घ्यायचे कारण नाही. बॅनरमध्ये उभी रेषा महत्त्वाची, आणि ती सांभाळली गेली आहे: बाई डावीकडच्या तृतीयांशावर, उजवीकडे घाट आणि मथळ्याला जागा.

मग उभी चौकट. मागच्या वारकऱ्याला एकतर पूर्ण घ्यायचे, नाहीतर पूर्ण वगळायचे. वगळायचे तर डावी कड १४०० च्या पुढे न्यावी लागते, पण बाईचा कोपर १४५० वर आहे. पन्नास पिक्सेलांच्या फटीत श्वास घ्यायला जागा नाही. तेव्हा घेणेच भाग आहे. छाटायच्या ३७५० चे २७ टक्के म्हणजे सुमारे १०१०. आता चौकट १०१० पासून ३२६० पर्यंत येते. वारकऱ्याच्या डावीकडे शंभरेक पिक्सेल राहतात, बाईचे डोळे चौकटीच्या ४४ टक्क्यांवर, आणि तिच्या पुढे चालायला मागच्यापेक्षा थोडी जास्त जागा. तृतीयांश पुन्हा थोडा ढळला. पण उंचीत डोळे वरून ३५ टक्क्यांवर आहेत, म्हणजे वरच्या रेषेला जवळजवळ चिकटून, आणि उभ्या आकारात तेच हवे होते. चौकोनात हाच आकडा बाईला ३६ ते ३७ टक्क्यांवर ठेवतो, म्हणजे रेषेच्या अगदी जवळ.

हे दोन आकडे पानाला सांगायला एवढेच लिहावे लागते:

```css
.vari-photo {
  width: 100%;
  aspect-ratio: 3 / 1;
  object-fit: cover;
  object-position: 27% 22%;
}
```

`object-fit: cover` मुळे फोटो ताणला जात नाही, चौकट भरेल इतका मोठा होऊन बाहेरचा भाग झाकला जातो. `aspect-ratio` मध्ये `3 / 1` च्या जागी `1 / 1` किंवा `9 / 16` घातले की आकार बदलतो, शेवटची ओळ तीच राहते. मूळ फाइलला हात लागत नाही.

फाइल म्हणूनच तीन वेगळे फोटो हवे असतील, तर प्रत्येक आकार मूळ फोटोतूनच कापावा. आधी बॅनर कापला आणि मग घाईत त्याच बॅनरमधून उभा आकार काढला, तर उंची २००० चीच राहते आणि रुंदी ११२५ वर येते. मुळातून थेट काढलेल्या उभ्या फोटोच्या चौथाई क्षेत्रफळ उरते, आणि तुळस ते पाऊल असा उभा ओघ गेलेला असतो तो वेगळाच. फोटोशॉपमध्ये क्रॉप करताना वरच्या पट्टीत Delete Cropped Pixels अशी चौकट असते. तिच्यावरची खूण काढून ठेवली की छाटलेला भाग फाइलमध्ये दडून राहतो आणि पुन्हा सरकवता येतो. संगणक येण्याआधी वृत्तपत्रांच्या कचेरीत पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे छापील फोटोवर सरकवून क्रॉप ठरवत असत. फोटो कापायचा तो फक्त छपाईत, प्रत तशीच फाइलीत परत जायची.

क्रॉप बरोबर झाला की नाही हे मध्याकडे पाहून कळत नाही, कडांकडे पाहून कळते. चारही कडांवरून एकदा नजर फिरवावी. कुठे अर्धा माणूस, अर्धे बोट, कुणाच्या छत्रीचे टोक, पाटीवरची अर्धी अक्षरे उरली आहेत का? माणूस कापताना सांध्यावर कापू नये हा छायाचित्रकारांचा जुना दंडक आहे. मनगट, गुडघा, घोटा यांवर कड आली की अवयव तुटल्यासारखा दिसतो. छातीच्या मध्यावर किंवा मांडीच्या मध्यावर कापले तर डोळा पुढचे शरीर आपणच धरून चालतो. डोके कापायचे झाले तर कपाळावरून ठाम कापावे. केसांचा टोकाचा एक पातळ थर कापला तर ती चूकच वाटते. तुळशीची वरची पाने गेली तेव्हा झाले ते हेच: पूर्ण गेली असती तर निदान ठरवून केल्यासारखे दिसले असते.

चौकटीवर वरून काय येणार आहे हेही धरावे लागते. स्टोरीचा पडदा १०८० बाय १९२० चा असतो. त्याच्या माथ्यावर खात्याचे नाव आणि खाली उत्तर देण्याची पट्टी येते, म्हणून वर आणि खाली सुमारे अडीचशे पिक्सेलांत काही महत्त्वाचे ठेवू नये. वारीच्या फोटोत तुळशीचा शेंडा वरून ६०० वर आहे. ४००० चे १९२० झाल्यावर तो २८८ वर येतो, म्हणजे नावाच्या खाली, थोडक्यात बचावला. बॅनरमध्ये मथळा उजवीकडे येतो, पण मोबाइलवर पान उघडले की तोच मथळा बहुधा फोटोच्या मधोमध किंवा खाली सरकतो. मथळा बाईच्या चेहऱ्यावर येतो का, हे संगणकाच्या पडद्यावर कधीच दिसत नाही. खिडकी अरुंद करून किंवा हातातल्या फोनवर पाहिल्यावरच कळते.

फोटो काढणाऱ्याला हे आधी सांगितलेले असेल तर नंतरची निम्मी कसरत वाचते. सांगायचे एवढेच की कॅमेरा आडवा धरावा आणि नेहमीपेक्षा दोन पावले मागे उभे राहावे. उभ्या धरलेल्या ४००० बाय ६००० च्या फोटोतून ३:१ चा बॅनर काढला, तर उंची १३३३ मिळते, म्हणजे मूळच्या जेमतेम २२ टक्के. एवढ्या फटीत चेहरा आणि तुळस दोन्ही मावणे कठीण. आडव्या फोटोतून उभा आकार निघू शकतो, उभ्यातून पट्टी निघत नाही. मोबाइलचा ४:३ फोटो या कामाला खरे तर कॅमेऱ्याच्या फोटोपेक्षा सोयीचा आहे. ४००० बाय ३००० मधून बॅनरला ४४ टक्के उंची मिळते आणि उभ्या चौकटीला ४२ टक्के रुंदी, दोन्हीकडे जवळपास सारखी सवलत.

मागे उभे राहण्याची किंमत पिक्सेलांत मोजावी लागते. मूळ फाइल ६००० ची असेल तर चिंता नाही, कारण उभी चौकट २२५० रुंद येते आणि पडद्याला १०८० पुरतात. पण हाती आलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत आलेला, समजा १६०० बाय १०६७ चा असेल, तर त्यातून उभा आकार ६०० पिक्सेल रुंद निघतो. तो १०८० पर्यंत फुगवला की चेहरा मेणाचा दिसू लागतो आणि साडीच्या काठाची नक्षी पुसली जाते. अशा वेळी कापायला बसण्याऐवजी फोटो काढणाऱ्याला फोन करून मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवावी.

काही फोटो मात्र तिन्ही चौकटींत बसतच नाहीत. सत्काराचा फोटो हे ठरलेले उदाहरण. दहा जण खांद्याला खांदा लावून एका ओळीत, पहिला डाव्या कडेला, शेवटचा उजव्या कडेला. विषय पूर्ण रुंदीभर पसरलेला आहे आणि उभ्या चौकटीत तीन-चार जणच मावतात. कुणाला वगळायचे हा प्रश्न मग छायाचित्रणाचा राहत नाही. कबड्डीच्या फोटोतही असाच पेच पडतो. चढाई करणाऱ्याचा पसरलेला हात आणि त्याच्यापासून लांब सरकलेला बचावपटू, दोघांमधले अंतर हाच त्या क्षणाचा जीव असतो. ते अंतर रुंदीच्या तीन अष्टमांशांहून जास्त असेल, तर उभ्या आकारात एकच खेळाडू उरतो आणि तो हवेत हात पसरून उभा असल्यासारखा दिसतो. अशा फोटोंना उभ्या चौकटीत पूर्ण रुंदीने ठेवावे आणि वर-खाली उरलेली जागा साध्या रंगाने किंवा मजकुराने भरावी. सत्काराच्या फोटोसाठी तर हाच मार्ग सर्वांत सभ्य आहे. कबड्डीसाठी त्याच सामन्यातला दुसरा, एकाच खेळाडूचा फोटो उभ्या आकाराला घेतला तरी चालते. ब्राउझरला आकारानुसार वेगळा फोटो द्यायला `<picture>` ही सोय आहेच.

तिन्ही चौकटींत बसणारा फोटोही प्रत्येक ठिकाणी तेच सांगतो असे नाही. वारीच्या फोटोचा बॅनर घाट, दिंडी आणि त्यात चालणारी एक बाई दाखवतो. उभ्या चौकटीत घाट जवळजवळ नाहीसा होतो आणि उरते ती एका वारकरी बाईची मुद्रा. लेख वारीच्या वाटेवर असेल तर स्टोरीसोबत दिवे घाटाचे नाव शब्दांत लिहावे लागेल, कारण चित्र ते आता सांगत नाही.

कापलेल्या फाइलींपेक्षा ते दोन आकडे जपून ठेवणे जास्त शहाणपणाचे आहे, कारण चौकटी बदलत राहतात. इन्स्टाग्रामवर खात्याच्या पानावर दिसणारी चित्रे वर्षानुवर्षे चौकोनी होती. २०२५ च्या जानेवारीत ती ३:४ अशी उभी झाली आणि नेमक्या चौकोनात बसवलेली जुनी चित्रे व अक्षरे कडांना कापली गेली. वारीच्या फोटोतून ३:४ काढायचा तर रुंदी ३००० मिळते आणि तेवढीच छाटावी लागते. तिचे २७ टक्के, ८१०, डावीकडून जातात. मागचा वारकरी पूर्ण आत राहतो, तुळस आत राहते आणि बाईचे डोळे चौकटीच्या ४० टक्क्यांवर येतात. आकडे बदलावे लागत नाहीत, फक्त कडा पुन्हा एकदा पाहून घ्यायच्या.